आईला काचबिंदू निघाला, आता घरातल्या कुणी किती दिवसांनी डोळे दाखवायचे?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. आईचं (वय ६७) मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरवायला गेलो, तर तपासणीत दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला. डाव्या डोळ्याचं बरंच नुकसान झालंय म्हणाले. आई दर दोन वर्षांनी चष्म्याच्या दुकानात नंबर तपासून घेत होती, तरी कुणाला काही कळलं नाही. आता आम्ही सगळेच घाबरलोय. मी ४३ वर्षांची, चाळिशीचा चष्मा नुकताच लागलाय. धाकटी बहीण ३८ ची, मोठा भाऊ ४७ चा, तो इंग्लंडमध्ये असतो. माझे मिस्टर ४६ चे, त्यांना दोन वर्षांपासून शुगर आहे, पण डोळ्यांचा त्रास नाही. मुलगा ११ वर्षांचा, नंबर उणे अडीच. मुलगी साडेचार वर्षांची, तिचे डोळे कधी तपासले नाहीत. कुणी म्हणतं दरवर्षी सगळ्यांचे दाखवा, कुणी म्हणतं त्रास नसेल तर कशाला. नक्की कुणी, किती दिवसांनी दाखवायचं?
— एक वाचक, सांगली

उत्तर :

ताई, तुम्ही घरातल्या सगळ्यांची वयं लिहिलीत, पण आईच्या सख्ख्या भावंडांचा उल्लेख नाही. मावशी किंवा मामा असतील तर पहिला फोन त्यांना करा. सगळ्यात जास्त धोका त्यांना आहे आणि घरात काचबिंदू निघाला की नेमकं त्यांनाच कुणी कळवत नाही. मुलं स्वतःचे डोळे दाखवून घेतात, पण भावंडं दुसऱ्या गावात, वेगळ्या संसारात असतात. त्यांना ही बातमी ‘ताईचं डोळ्याचं काहीतरी निघालं’ एवढीच पोचते.

नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात काचबिंदूच्या रुग्णांच्या नातेवाइकांना बोलावून त्यांचे डोळे तपासले होते. रुग्णांच्या भावंडांपैकी साधारण दहांत एकाला काचबिंदू सापडला. रुग्णांच्या मुलांमध्ये हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास होतं, पण मुलं वयानं लहान होती, म्हणजे त्यांची वेळ अजून यायची होती. रुग्णाच्या सख्ख्या नातेवाइकांना आयुष्यभरात काचबिंदू होण्याची शक्यता तिथे सुमारे २२ टक्के निघाली, इतरांना दोन टक्क्यांच्या थोडी वर. हे आकडे तिकडच्या लोकांचे आहेत, पण त्यांतून निघणारा क्रम आपल्यालाही लागू आहे : आधी आईची भावंडं, मग तुम्ही तिघं, नातवंडं त्यानंतर. मावशी-मामा साठीच्या आसपास असतील तर या महिन्यातच एकदा पूर्ण तपासणी आणि ती चांगली निघाली तरी पुढे दरवर्षी.

आता ‘पूर्ण तपासणी’ म्हणजे काय ते नीट सांगते, कारण आईच्या बाबतीत सगळं तिथेच निसटलं. दुकानात नंबर काढणाऱ्यानं काही चूक केली असेल असं नाही. त्यानं तक्ता वाचून घेतला, भिंग बदललं, आईला शेवटची ओळ दिसली. काचबिंदूत ही शेवटची ओळ अगदी अखेरपर्यंत दिसत राहते. डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत साधारण दहा-बारा लाख तंतू असतात आणि या आजारात ते हळूहळू मरतात. बहुतेकदा आधी बाजूची नजर देणारे तंतू जातात, मधली नजर देणारे शेवटी. त्यातही एका डोळ्यानं जे दिसत नाही ते दुसरा डोळा भरून काढतो. त्यामुळे माणूस पेपर वाचतो, सुईत दोरा ओवतो आणि नजरेचा निम्मा भाग गेलेला असतो. आपल्याकडे आंध्र आणि तमिळनाडूत गावोगावी फिरून जी पाहणी झाली, तिच्यात काचबिंदू सापडलेल्या दहांतल्या नऊ जणांना आपल्याला तो आहे हे माहीतच नव्हतं. म्हणून ‘त्रास नसेल तर कशाला’ हा सल्ला निदान या आजाराच्या बाबतीत तरी मनातून काढून टाका.

दवाखान्यात जाल तेव्हा पुढच्या गोष्टी होतायत का ते बघा. तक्ता आणि नंबर झाला की डोळ्यातला दाब मोजतात. बऱ्याच ठिकाणी आधी हवेचा झोत सोडणारं मशीन असतं. प्राथमिक चाळणीला ते ठीक आहे, पण घरात काचबिंदू असेल तर डोळा बधिर करणारा थेंब टाकून, निळ्या उजेडात टेकवून दाब मोजतात ती पद्धत अधिक भरवशाची. मग बुबुळाची जाडी मोजतात. त्यानंतर डोळ्याला एक आरसे असलेलं भिंग टेकवून आतला कोन बघतात. या तपासणीचा कागदावर बहुधा ‘गोनिओ’ असा उल्लेख असतो. डोळ्यातलं पाणी जिथून झिरपून बाहेर जातं ती वाट उघडी आहे की अरुंद, हे फक्त त्यातूनच कळतं. गर्दीच्या ओपीडीत हीच पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते, म्हणून ‘आईला काचबिंदू आहे, माझा कोन बघितला का?’ असं स्वतःहून विचारा. शेवटी थेंब टाकून बाहुली मोठी करतात आणि आतली नस बघतात. कोन बघणं या थेंबांच्या आधी व्हायला हवं, कारण बाहुली एकदा पसरली की कोनाचा खरा अंदाज येत नाही आणि कोन फारच अरुंद असेल तर या थेंबांनीच दाब एकदम चढू शकतो. थेंब टाकल्यावर चार ते सहा तास जवळचं धूसर दिसतं, उजेड सहन होत नाही. त्यामुळे स्कूटी घेऊन एकट्या जाऊ नका.

नसेच्या मध्यभागी एक खळगा असतो. पूर्ण नसेच्या मानानं तो केवढा, हे डॉक्टर दशांशात लिहितात : ०.३, ०.४ असं. काचबिंदूत तंतू मरत जातात तसा हा खळगा रुंदावतो. आकडा ०.६ च्या पुढे असेल किंवा दोन डोळ्यांत ०.२ पेक्षा जास्त फरक असेल तर पुढच्या तपासण्या लागतात. एक म्हणजे ओसीटी, त्यात तंतूंच्या थराची जाडी मोजली जाते. दुसरी फील्ड टेस्ट. तिच्यात एक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघत बसायचं आणि बाजूला कुठे उजेडाचा ठिपका चमकला की बटण दाबायचं. ही टेस्ट पहिल्यांदा जवळपास सगळ्यांचीच वाईट येते, कारण माणूस गोंधळतो, नजर हलवतो, दमतो. म्हणून पहिल्या रिपोर्टवर घाबरून जायचं नाही, ती पुन्हा करायची असते.

‘दाब नॉर्मल आला’ एवढ्यावर समाधान का मानू नये हे तुमच्याच घरातल्या दोघींवरून सांगते. आकडे समजण्यापुरते धरा. समजा तुमचा दाब १८ आला, बुबुळाची जाडी ५४५ मायक्रॉन, खळगा दोन्ही डोळ्यांत ०.३, कोन उघडा. तुम्हाला आज काही नाही. आता तुमच्या बहिणीचा दाबही १८ आला, पण बुबुळ ४९० मायक्रॉनचं, म्हणजे पातळ. खळगा उजवीकडे ०.४ आणि डावीकडे ०.६५. दाबाचा आकडा एकच, पण दोघींची गोष्ट वेगळी. पातळ बुबुळावर दाब प्रत्यक्षाहून कमी दाखवला जातो आणि पातळ बुबुळ हे स्वतःही धोक्याचं लक्षण मानतात. त्यात डावी नस उजवीपेक्षा जास्त खोलावलेली. म्हणून बहिणीची ओसीटी आणि फील्ड टेस्ट लगेच करायची. ती चांगली आली तरी तिला ‘संशयित’ धरून सहा महिन्यांनी परत बोलवायचं. दाब दिवसातसुद्धा बदलतो, तेव्हा पुढच्या वेळी वेगळ्या वेळेला मोजायचा. दहा ते एकवीस हा दाब सर्वसाधारण धरतात खरा, पण आपल्याकडच्या पाहण्यांमध्ये काचबिंदूच्या कितीतरी रुग्णांचा दाब पहिल्या मोजणीत याच पट्ट्यात निघाला होता. आणि जाडीवरून दाबाचा आकडा घरच्या घरी वाढवू-घटवू नका. कुठलंही एक सूत्र यात पुरेसं नाही.

तर तुमच्यासाठी : आत्ता एकदा वरची सगळी तपासणी आणि ती निर्दोष असेल तर वर्षातून एकदा. वर्षाचं अंतर घरच्या इतिहासामुळे आहे. घरात काहीच नसतं आणि शुगर-बीपीही नसतं, तर तुमच्या वयाला एकदा पूर्ण तपासणी करून पुढे दोन ते चार वर्षांनी आलात तरी चाललं असतं. तुमचा चाळिशीचा चष्मा दुकानातून झाला असेल तर ती तपासणी अजून झालेलीच नाही असं धरा. पहिली नोंद जपून ठेवणं फार महत्त्वाचं असतं. पाच वर्षांनी खळगा ०.५ दिसला, तर तो जन्मापासून तेवढाच होता की ०.३ वरून वाढला, हे जुना कागद किंवा नसेचा फोटो असल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. काही लोकांचा खळगा मुळातच मोठा असतो. जुनी नोंद नसल्यामुळे अशांना विनाकारण वर्षानुवर्षं थेंब चालू राहतात, तर कुणाचा आजार नॉर्मल समजून सोडून दिला जातो.

बहीण अडतीसची आहे. चाळिशीपर्यंत थांबावं का, असं ती विचारेल. आईला ६७ व्या वर्षी कळलं हे खरं, पण डाव्या डोळ्याची अवस्था बघता सुरुवात बरीच आधी झालेली असणार. म्हणून मी तिला आत्ताच एकदा दाखवायला सांगेन आणि सगळं ठीक असेल तर चाळिशीपर्यंत मोकळी सोडेन, तिथून पुढे दरवर्षी. हाच आजार आईला तिशीत निघाला असता तर उत्तर अगदी वेगळं असतं. लवकर होणारा काचबिंदू काही घराण्यांत थेट पुढच्या पिढीत उतरतो आणि तिथे मुलांना शाळेच्या वयापासूनच दाखवावं लागतं. तेव्हा कुणाला आहे याच्याइतकंच कोणत्या वयात निघाला हेही डॉक्टरांना सांगा.

इंग्लंडमधल्या भावाचं काम त्यामानानं सोपं आहे. वय चाळीस किंवा जास्त आणि आई, वडील, भावंड किंवा मूल यांपैकी कुणाला काचबिंदू असेल, तर तिथल्या सरकारी आरोग्यसेवेकडून, म्हणजे एनएचएसकडून डोळ्यांची तपासणी मोफत होते. त्यानं जवळच्या ऑप्टिशियनकडे वेळ घेताना ‘माझ्या आईला काचबिंदूचं निदान झालंय’ एवढं सांगायचं. तिथले ऑप्टोमेट्रिस्ट नंबरासोबत दाबही मोजतात, नसही बघतात आणि शंका आली तर रुग्णालयात पाठवतात. आपल्याकडे चष्म्याच्या दुकानात हे सहसा होत नाही, म्हणून त्याच्या ‘मी तर दुकानातच दाखवतो’ यावर तुम्ही काळजी करू नका आणि त्याचं ऐकून तुम्ही इथल्या दुकानावर थांबू नका.

आईचा काचबिंदू कोणत्या प्रकारचा आहे हेही फाइलमध्ये बघून ठेवा. ‘ओपन अँगल’ की ‘अँगल क्लोजर’. दुसऱ्या प्रकारात डोळ्यातली पाणी जाण्याची वाट अरुंद असते किंवा बंद होते. हा प्रकार आपल्या आशियातल्या लोकांत जास्त आढळतो, त्यातही बायकांमध्ये, वय वाढेल तसा आणि दूरचा अधिक नंबर असलेल्या लहान डोळ्यांत. तो असेल तर तुमच्या, बहिणीच्या आणि मावशींच्या तपासणीत कोन बघणं अजिबात टाळायचं नाही. कोन अरुंद निघाला तर गरज असेल तिथे लेझरनं बारीक छिद्र करून पाण्याला दुसरी वाट देता येते. त्याला थोडी मिनिटं लागतात आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. याच प्रकारात कधी दाब अचानक चढतो : संध्याकाळी दिव्याभोवती रंगीत वलयं, डोळा लाल, डोकं फुटेल असं दुखणं, मळमळ, उलट्या. घरचे पित्त समजून सोडा देतात आणि रात्र वाया जाते. असं झालं तर त्याच रात्री डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं. पुढच्या तपासणीची तारीख कधीची आहे ते बघत बसायचं नाही.

काचबिंदूच्या घरात आणखी एक गोष्ट कटाक्षानं पाळा. डोळे लाल झाले, खाजले की मेडिकलमधून थेंब आणायची आपल्याला सवय आहे. त्यातल्या अनेक थेंबांत स्टेरॉइड असतं. डबीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन असं नाव बारीक अक्षरात सापडेल. या थेंबांनी खाज पटकन थांबते आणि काही आठवडे टाकत राहिलं तर काहींचा दाब चढतो. काचबिंदू असलेल्यांच्या मुला-भावंडांत असं होण्याचं प्रमाण इतरांहून जास्त आहे. उन्हाळ्यात डोळे चोळणाऱ्या तुमच्या मुलालाही हे लागू आहे. डॉक्टरांनी लिहून दिले तर टाका, पण किती दिवस ते विचारा आणि त्या काळात दाब मोजून घ्या. दमा किंवा त्वचेसाठी बराच काळ स्टेरॉइड चालू असेल तर तेही डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा, मनानं बंद करू नका.

आता मिस्टरांकडे येते. खरं सांगायचं तर तुमच्या पत्रात आईनंतर सगळ्यात जास्त काळजी मला त्यांची वाटली. तुमच्या आईचा काचबिंदू त्यांच्याकडे येणार नाही, पण त्यांच्या तपासणीला दोन वर्षं उशीर झालाय. मोठ्या वयात होणारी शुगर, म्हणजे टाइप टू, कळली त्याच वेळी डोळ्याच्या आतला पडदा बघून घ्यायचा असतो. कारण शुगर निदानाच्या कितीतरी आधीपासून वाढलेली असते आणि पहिल्याच तपासणीत पडद्यावर रक्ताचे ठिपके दिसणारे रुग्ण आम्हाला भेटतात. त्यानंतर दरवर्षी, पडद्यावर काही दिसलं तर डॉक्टर सांगतील तसं तीन, चार किंवा सहा महिन्यांनी. लहान वयात इन्सुलिन लागलेल्या टाइप वनच्या रुग्णांना पहिल्या पाच वर्षांत एकदा आणि मग दरवर्षी असा नियम आहे. बाई शुगरची रुग्ण असेल आणि दिवस राहिले तर पहिल्या तीन महिन्यांत तपासणी करावीच लागते, कारण गरोदरपणात पडद्याचा आजार वेगानं वाढू शकतो. मिस्टरांच्या बाबतीतही बाहुली मोठी करून किंवा पडद्याचा फोटो काढूनच बघायला सांगा. नजर चांगली आहे यावरून पडदा चांगला आहे असं ठरत नाही. जिथून बारीक दिसतं त्या मधल्या भागाला सूज येईपर्यंत तक्ता स्वच्छ वाचता येतो. आणि शुगर वर-खाली होत असताना नवा चष्मा करू नका. साखरेबरोबर डोळ्यातल्या भिंगाचा आकार बदलतो, नंबर फिरतो आणि महिन्याभरात तो चष्मा कपाटात जातो.

मुलगी साडेचार वर्षांची आहे, तिला या सुट्टीतच दाखवा. मूल तीन ते पाच वर्षांचं असताना एकदा नीट तपासणी व्हायलाच हवी, कुणाला काही असो वा नसो. कारण त्या वयात एका डोळ्याचा नंबर जास्त असेल तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. मूल एका डोळ्यानं सगळं करत राहतं, पडत नाही, तक्रार करत नाही. त्याला दुसरं कसं असतं ते माहीतच नसतं. या आळशी डोळ्यावर चष्मा आणि चांगला डोळा झाकण्याची पट्टी याचा उपयोग सात-आठ वर्षांपर्यंत सगळ्यात चांगला होतो, नंतर तो कमी कमी होत जातो. दवाखान्यात जाईपर्यंत घरी एवढं करून बघा : टीव्हीवर तिच्या आवडीचं कार्टून लावा आणि मागून येऊन तळहातानं एकदा उजवा, एकदा डावा डोळा झाका. एक डोळा झाकला की ती निवांत बघते आणि दुसरा झाकला की हात ढकलते, मान वळवते, चिडते, असं झालं तर थांबू नका. तसं काही झालं नाही तरी डॉक्टरांकडे जायचंच, कारण दोन्ही डोळ्यांत सारखा नंबर असेल तर या खेळात काही कळत नाही. अक्षर ओळखत नाही म्हणून तपासता येणार नाही असं समजू नका. चित्रांचे तक्ते असतात आणि औषध टाकून, मुलाला काही न विचारताही नंबर काढता येतो. तपासणी चांगली आली तर शाळेच्या वयात वर्षा-दोन वर्षांनी पुरे. शाळेत होणारी तपासणी उपयोगाची आहे, पण ती चाळणी आहे. तिथे ‘ठीक’ लिहिलं म्हणजे पडदा आणि नस बघितली असा अर्थ होत नाही.

मुलाला दर सहा महिन्यांनी दाखवा. अकरा ते पंधरा हे नंबर पळण्याचं वय आहे. तुमचा किंवा मिस्टरांचा उणे नंबर असेल तर अधिकच. दरवेळी नंबर काढलेला कागद जपून ठेवा. सहा महिन्यांत पाव वाढला तर वेगळं बोलणं होतं आणि पाऊण वाढला तर वेगळं. झपाट्यानं वाढत असेल तर कमी ताकदीचे अॅट्रोपिनचे थेंब किंवा खास भिंगं यांचा विचार करतात. ते डॉक्टरच ठरवतील. रोज दोन तास उघड्यावर खेळणं मात्र आजपासून सुरू करता येईल. नंबर उणे सहाच्या पुढे गेला तर पडदा दरवर्षी बाहुली मोठी करून कडेपर्यंत बघावा लागतो, कारण असा डोळा लांबट होतो आणि पडदा ताणून पातळ होतो. आजीच्या काचबिंदूसाठी त्याला सध्या वेगळी तपासणी नको. फक्त त्याच्या डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण उणे नंबराच्या डोळ्यांत पुढे काचबिंदूचं प्रमाण थोडं जास्त असतं. नंबराच्या भेटीतच वर्षातून एकदा नस बघून घेतली की झालं.

घरात कसलाच आजार नसलेल्या, शुगर नसलेल्या, चष्मा नसलेल्या तुमच्या मैत्रिणी विचारतील तर त्यांना सांगा : विशीत एकदा, तिशीत दोनदा, चाळिशीला एकदा सविस्तर, त्यानंतर पंचावन्नपर्यंत दोन ते चार वर्षांनी, पासष्टपर्यंत एक ते तीन वर्षांनी आणि त्यापुढे एक-दोन वर्षांनी. अमेरिकेतले नेत्रतज्ज्ञ साधारण हेच अंतर सांगतात. आपल्याकडे शुगरचं प्रमाण बघता पन्नाशीनंतर मी दोन वर्षांपेक्षा जास्त अंतर ठेवू देत नाही. हे माझं मत आहे, नियम नाही.

घरचा इतिहास म्हटलं की लोक सगळ्याच आजारांना एका मापानं मोजतात, त्याबद्दल थोडं. आजोबांना सत्तरीत मोतीबिंदू झाला होता, एवढ्यावरून नातवाला दरवर्षी दाखवायची गरज नाही. तो वयानं बहुतेकांना होतोच. पण घरात कुणाला लहानपणी मोतीबिंदू झाला असेल तर नव्या बाळाचे डोळे जन्मल्याबरोबर दाखवा. डोळ्यातल्या गाठीचा, म्हणजे रेटिनोब्लास्टोमाचा इतिहास असेल तरही जन्मापासूनच. त्यात काही आठवड्यांचं अंतर ठेवून तपासतात. बाळाच्या बाहुलीत पांढरी झाक दिसली तर इतिहास असो-नसो, त्याच आठवड्यात जायचं. भावंडांत कुणाला बुबुळ शंकूसारखं पुढे येणारा आजार, म्हणजे केराटोकोनस, असेल तर दहा-बारा वर्षांपासून वर्षाला एकदा बुबुळाचा नकाशा काढून घ्यावा, विशेषतः मूल डोळे चोळत असेल आणि तिरपा नंबर दर वेळी बदलत असेल तर. मामाच्या किंवा आत्याच्या घरात लग्न झालेल्या जोडप्यांच्या मुलांना रात्री अडखळायला होत असेल तर ‘अ’ जीवनसत्त्वावर थांबू नका, पडदा दाखवा. घरात वयाबरोबर पडद्याचा मध्यभाग झिजण्याचा आजार असेल तर पन्नाशीनंतर दर वर्षा-दोन वर्षांनी पडदा बघितलेला बरा.

डोळ्यासमोर एकदम काळे ठिपके वाढले, कडेला वीज चमकल्यासारखं झालं, पडदा ओढल्यासारखी सावली आली किंवा एका डोळ्याची नजर अचानक गेली, तर यातलं कुठलंच अंतर लागू नाही. त्या दिवशीच दाखवायचं.

आईंचं आता वेगळं आहे. त्यांच्या भेटी डॉक्टर ठरवतील तशा, सुरुवातीला काही आठवड्यांनी, मग बहुधा तीन ते सहा महिन्यांनी. त्यांच्या नसेचा रिपोर्ट, फील्ड टेस्ट आणि औषधांची चिठ्ठी यांची एकेक झेरॉक्स काढा. मावशी-मामांना एक, बहिणीला एक, भावाला फोनवर फोटो. डॉक्टरांपुढे बसल्यावर ‘आईला डोळ्याचं काहीतरी आहे’ असं सांगण्याऐवजी तो कागद पुढे केला, तर कोन बघायचा की नाही आणि परत कधी बोलवायचं, हे ठरवायला त्यांना सोपं जातं.